ग्रामपंचायतीतली शेतजमीन करासाठी ग्रामीण की शहरी? पंढरपूरजवळच्या एका सौद्याचा हिशोब

प्रश्न: वडील आणि काकांच्या नावे पंढरपूरजवळ दोन एकर बागायत आहे, आजोबांनी १९८० च्या सुमारास घेतलेली. फेब्रुवारी २०२६ मध्ये ८० लाखांना खरेदीखत करायचं ठरलंय. तलाठी म्हणतात, गाव ग्रामपंचायतीत आहे म्हणजे जमीन ग्रामीण, टॅक्सचा प्रश्नच नाही. आमचे सीए म्हणतात, पंढरपूरची लोकसंख्या लाखाच्या वर आहे, सहा किलोमीटरच्या आतली जमीन शहरी धरतात. घेणारा एक टक्का टीडीएस कापणार म्हणतोय. एसटी स्टँडपासून रस्त्यानं जमीन सात किलोमीटरवर आहे. खरं कोणाचं धरायचं?

उत्तर:

तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझं मत तलाठ्यांच्या बाजूला झुकतं, पण त्यांनी सांगितलेलं कारण चालणार नाही. सीएंनी कायदा बरोबर सांगितलाय, फक्त लोकसंख्येचा आकडा एकदा पडताळून घ्यायला हवा होता. आणि सात किलोमीटर हा आकडा तर बाजूलाच ठेवा, कारण तो मोजलाय चुकीच्या ठिकाणापासून आणि चुकीच्या पद्धतीनं.

आयकर कायदा गावाकडे बघतच नाही. १९६१ च्या कायद्याचं कलम २(१४) शेतजमिनीला भांडवली मालमत्तेतून वगळतं, पण दोन प्रकारच्या जमिनी त्या सवलतीबाहेर ठेवतं. पहिला प्रकार म्हणजे किमान १० हजार लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या किंवा छावणी मंडळाच्या हद्दीतली जमीन. महानगरपालिका, नगर परिषद, नगर पंचायत, नाव काहीही असलं तरी ती यात येते. दुसरा प्रकार म्हणजे हद्दीबाहेरची पण जवळची जमीन. शेजारच्या शहराची लोकसंख्या १० हजारांपेक्षा जास्त आणि १ लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, १ लाखाच्या वर ते १० लाखांपर्यंत असेल तर ६ किलोमीटर आणि १० लाखांच्या वर असेल तर ८ किलोमीटर. या पट्ट्यातली जमीन ग्रामपंचायतीत असली, सातबाऱ्यावर ऊस उभा असला, तरी करासाठी ती शहरी. म्हणून ‘ग्रामपंचायत म्हणजे ग्रामीण’ हे वाक्य आयकर अधिकाऱ्यासमोर टिकत नाही. लोकसंख्या मोजायची ती शेजारच्या शहराची. तुमच्या गावात दोन हजार लोक राहतात की वीस हजार, याचा इथे काही संबंध नाही.

आता पंढरपूर. आषाढी-कार्तिकीला तिथे लाखोंनी माणूस येतो, बारा महिने गर्दी असते, त्यामुळे ‘लाखाच्या वर’ असं कोणीही सहज म्हणेल. पण कायद्यात लोकसंख्येची व्याख्या बांधलेली आहे. ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली, त्याच्या पहिल्या दिवसाआधी ज्या शेवटच्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले असतील, तेच धरायचे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून आजही आपण २०११ च्या आकड्यांवर चालतो. त्या जनगणनेत पंढरपूर नगर परिषदेची लोकसंख्या ९८,९२३ आहे. म्हणजे एक लाखाच्या आत, आणि पट्टा सहाऐवजी दोन किलोमीटरचा. याउलट सातारा २०११ मध्ये १,२०,१९५ होतं, त्यामुळे तिथे सहा किलोमीटर धरावे लागतात. फिरताना दोन्ही गावं सारख्याच मोठ्या तालुक्याच्या गावासारखी वाटतात, पण हद्दीबाहेर चार किलोमीटरवरची जमीन साताऱ्याला शहरी ठरते आणि पंढरपूरला ग्रामीण.

आकडा काढताना आणखी एका ठिकाणी गफलत होते. जनगणनेच्या तक्त्यात एकाच शहरासमोर कधी दोन आकडे असतात, एक नगरपालिकेचा आणि दुसरा आजूबाजूची वस्ती धरून झालेल्या नागरी समूहाचा. पुण्याचं बघा, महानगरपालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या आसपास आणि नागरी समूहाची ५० लाखांच्या वर. कायदा नगरपालिकेबद्दल बोलतो, म्हणून आकडाही नगरपालिकेचाच घ्यायचा. पुण्यात दोन्ही आकडे १० लाखांच्या वर असल्यानं फरक पडत नाही, पण काठावरच्या गावात याच एका चुकीनं पट्टा बदलतो.

पंढरपूर अगदी काठावरचंच आहे, म्हणून तुम्हाला एक जादा काम सांगतो. ९८,९२३ आणि एक लाख यांत फक्त १,०७७ चा फरक आहे. नगर परिषदेत जाऊन विचारा की २०११ नंतर हद्दवाढीची अंतिम अधिसूचना निघाली आहे का. निघाली असेल तर दोन परिणाम होतात. अंतर विक्रीच्या दिवशी जी हद्द असेल तिच्यापासून मोजायचं, म्हणजे शहर तुमच्या बांधाकडे सरकलेलं असू शकतं. आणि हद्दीत आलेल्या वाड्यावस्त्यांची २०११ ची लोकसंख्या नगर परिषदेच्या आकड्यात मिळवा, असं अधिकारी म्हणू शकतो. तसं झालं तर एक लाखाची रेषा ओलांडायला एक मध्यम गाव पुरेसं आहे. यावर माझं म्हणणं असं की प्रसिद्ध आकडा हाच आकडा, त्यात आपण बेरीज करायची नाही. पण हा वादाचा मुद्दा आहे आणि वाद अंगावर घ्यायचा की नाही, हे आधी कळलेलं बरं. अधिसूचना निघालीच नसेल तर प्रश्नच मिटला. तसं पत्र नगर परिषदेकडून घेऊन फाइलला लावा. केवळ प्रस्ताव किंवा ठराव झालेला असेल तर तो मोजायचा नाही.

अंतराकडे वळू. लोक एसटी स्टँडपासून मोजतात, कोणी नगर परिषदेच्या इमारतीपासून, कोणी मैलाच्या दगडावरून. कायदा मोजतो हद्दीपासून, आणि तेही हवाई अंतर, म्हणजे सरळ रेषेत. १ एप्रिल २०१४ पासून सुरू झालेल्या कर आकारणी वर्षापासून कायद्यात ‘हवाई’ हा शब्द स्पष्टपणे आला. त्याआधीच्या वर्षांसाठी रस्त्यानं मोजायचं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०१५ मध्ये सांगितलं आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परिपत्रक काढून ते मान्यही केलं. रस्त्याचं अंतर लोकांच्या तोंडी अजून आहे ते या जुन्या प्रकरणांमुळे. २०२६ च्या विक्रीला ते लागू नाही.

तुमचे सात किलोमीटर हवाई मोजले तर किती भरतील? शहराचा मधला भाग वजा केला आणि रस्त्याची वळणं सरळ केली तर आकडा बराच खाली येणार. साडेतीन-चार किलोमीटर आला तर तुम्ही आरामात सुटता. दोनच्या आसपास आला तर मात्र दर शंभर मीटरला किंमत आहे. त्यामुळे अंदाजावर राहू नका.

मी अशिलांना मोजायला लावतो ते असं. नगर परिषदेच्या किंवा नगररचना विभागाच्या कार्यालयातून मंजूर विकास योजनेचा नकाशा घ्यायचा, त्यावर हद्दीची रेषा आणि हद्दीलगतचे सर्व्हे नंबर दिसतात. मोबाइलच्या नकाशात शहराभोवती येणारी तुटक रेषा म्हणजे नगर परिषदेची कायदेशीर हद्द नव्हे, तिच्यावर विसंबू नका. मग महाभूनकाशावर आपला गट शोधायचा. हद्दीचा जो बिंदू आपल्या जमिनीला सगळ्यात जवळ आहे, तिथून आपल्या गटाच्या जवळच्या बांधापर्यंत गुगल अर्थच्या मोजपट्टीनं सरळ रेघ ओढायची. विहिरीपर्यंत किंवा घरापर्यंत मोजायचं नाही, बांधापर्यंत मोजायचं. हा झाला घरचा आकडा. तो दोन किलोमीटरपासून चांगला लांब असेल तर तहसील कार्यालयाचा किंवा नगर परिषदेचा अंतराचा दाखला पुरतो. मात्र दाखल्यात ‘हवाई अंतर’ आणि ‘नगर परिषदेच्या हद्दीपासून’ हे दोन्ही शब्द यायलाच हवेत. ‘पंढरपूरपासून अंतर ७ किमी’ एवढंच लिहिलेले दाखले माझ्याकडे नेहमी येतात, ते परत पाठवावे लागतात, कारण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आकडा काठावर असेल तर परवानाधारक सर्व्हेअरकडून अक्षांश-रेखांशांसह मोजणी नकाशा करून घ्या. त्याचा खर्च कराच्या तुलनेत काहीच नाही.

एकाच शहरापासून मोजून थांबू नका, हेही सांगून ठेवतो. कायदा ‘कोणत्याही नगरपालिकेपासून’ म्हणतो. तुमच्या बाबतीत मंगळवेढा आणि सांगोला बरेच लांब आहेत, त्यामुळे पंढरपूरपुरतंच बघायचं आहे. पण पुण्याच्या आसपास एखादा गट पुण्यापासून आठ किलोमीटरच्या बाहेर असतो आणि पिंपरी-चिंचवडच्या आठ किलोमीटरच्या आत सापडतो. शिवाय तिथे २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा दाखला आज कामाचा नाही. राज्यात बऱ्याच तालुक्याच्या गावांत अलीकडे नगर पंचायती झाल्या, त्यांचीही हद्द बघायची. उलट बाजूनं, जमीन पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात आहे किंवा प्रादेशिक योजनेत पिवळ्या, म्हणजे निवासी पट्ट्यात आहे, एवढ्यानं ती शहरी ठरत नाही. प्राधिकरण म्हणजे नगरपालिका नव्हे.

लोकसंख्या आणि अंतर जमलं तरी तिसरी अट उरते. विक्रीच्या दिवशी जमीन शेतजमीन असली पाहिजे. तुमच्याकडे बागायत आहे, गाव नमुना बारावर पिकं लागलेली असतील, ई-पीक पाहणीच्या नोंदी असतील, पाणीपट्टीच्या किंवा कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या असतील. गेल्या काही वर्षांचं हे सगळं एकत्र करून ठेवा. उत्पन्न फार असायलाच हवं असं नाही. गोव्यातल्या एका प्रकरणात जमिनीवर नारळाची झाडं होती आणि उत्पन्न झाडांच्या देखभालीपुरतंच होतं, विवरणपत्रात शेती उत्पन्न दाखवलेलंही नव्हतं. तरी मुंबई उच्च न्यायालयानं २०१० मध्ये ती शेतजमीनच मानली. घेणारा पुढे तिथे प्लॉट पाडणार आहे की मंगल कार्यालय बांधणार आहे, हेही तुमच्या कराच्या आड येत नाही.

आड येतं ते वेगळंच. घेणारा म्हणतो, ‘आधी एनए करून द्या, मग खरेदी करतो.’ भाव थोडा वाढवून देतो आणि विकणारा तयार होतो. अकृषिक परवानगी तुमच्या नावानं निघाली की जमीन शेतीची उरली नाही, असं म्हणायला अधिकाऱ्याच्या हातात कागद येतो. मग अंतर कितीही असो, ती भांडवली मालमत्ता ठरून कर लागतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये सुरतच्या एका जमिनीबाबत असाच निकाल दिला आहे. विक्रीआधी अकृषिक वापराची परवानगी घेतलेली, भाव चौरस यार्डानं ठरलेला, घेणारी गृहनिर्माण संस्था, हे सगळं मिळून ती शेतजमीन नाही असं ठरलं. तेव्हा एनए, रेखांकन, प्लॉट पाडणं हे घेणाऱ्यानं त्याच्या नावावर झाल्यावर करावं. तुम्ही एकर-गुंठ्यांत, शेतजमीन म्हणूनच खरेदीखत करा आणि खतात पीक, विहीर, बांधावरची झाडं यांचा उल्लेख येऊ द्या.

या तिन्ही गोष्टी जमल्या तर ८० लाखांवर भांडवली नफ्याचा कर शून्य. ती ‘सूट’ नाही, हे समजून घ्या. मालमत्ताच भांडवली नसल्यानं नफ्याचं गणित सुरूच होत नाही, म्हणून पैसे रोख्यांत किंवा नव्या जमिनीत गुंतवण्याची सक्तीही नाही.

मोजणीत जमीन दोन किलोमीटरच्या आत निघाली तर काय होईल, तेही मांडून बघू. वडील आणि काका यांचा निम्मा निम्मा हिस्सा, म्हणजे प्रत्येकी ४० लाख. कर सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाला त्याच्या हिश्श्यावर वेगळा लागतो. जमीन २००१ च्या आधीची असल्यानं खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत घेता येते, पण ती त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. समजा ते मूल्य दोन एकरांचं ४ लाख, म्हणजे प्रत्येकी २ लाख निघालं. नफा ३८ लाख. त्यावर १२.५ टक्क्यांनी ४ लाख ७५ हजार. दुसरा पर्याय महागाई निर्देशांकाचा. २ लाखांना ३.७६ नं गुणलं तर ७ लाख ५२ हजार, नफा ३२ लाख ४८ हजार आणि २० टक्क्यांनी कर साधारण साडेसहा लाख. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या जमिनीसाठी निवासी व्यक्तीला या दोन्हींपैकी जो कमी तोच भरावा लागतो, म्हणून ४ लाख ७५ हजार आणि ४ टक्के उपकर धरून ४ लाख ९४ हजार. दोघांचे मिळून ९ लाख ८८ हजार. यात दोघांचं बाकीचं उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेइतकं आहे, पण नफा धरून ५० लाखांच्या वर जात नाही, असं धरलंय. वर गेलं तर अधिभार वाढतो. शहरी जमिनीला आणखी एक गोष्ट लागू होते. रेडी रेकनरचं मूल्य विक्री किमतीच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर नफा रेडी रेकनरवरून काढतात. ग्रामीण शेतजमिनीला ही भानगड नाही.

अशी वेळ आलीच तर शेतकऱ्याला सगळ्यात उपयोगाचं कलम ५४ बी. विक्रीआधीची दोन वर्षं ती जमीन तुमच्या वडिलांनी-काकांनी किंवा त्यांच्या आईवडिलांनी शेतीसाठी वापरलेली असावी आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घ्यावी. इथे फक्त नफ्याइतकी रक्कम गुंतवायची असते, पूर्ण ४० लाख नव्हे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जमीन मिळाली नाही तर तेवढे पैसे बँकेत भांडवली नफा खाते योजनेत ठेवावे लागतात, साध्या मुदत ठेवीत ठेवून चालत नाही. आणि ही दोन एकर सोडून दुसरी जमीन नसेल, तर शेतकरी असल्याचा दाखला आणि जुने उतारे विक्रीआधीच काढून ठेवा, नवी जमीन घेताना ते लागतात.

तारखेचा विचारही करा. नवा आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतोय. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण लोकसंख्या आणि हवाई अंतराचे हे निकष तेच आहेत, त्यामुळे सौदा मार्चपुढे ढकलला गेला म्हणून घाबरायला नको. खरा फरक पुढच्या जनगणनेनं पडणार आहे. लोकसंख्या गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. तिचे आकडे ज्या आर्थिक वर्षात प्रसिद्ध होतील, त्याच्या पुढच्या वर्षापासून ते लागू होतील. पंढरपूर तेव्हा एक लाखाच्या खाली राहील, असं मला वाटत नाही. म्हणजे तुमच्या शेजाऱ्याची, तुमच्याइतक्याच अंतरावरची जमीन काही वर्षांनी विकली तर सहा किलोमीटरच्या पट्ट्यात शहरी ठरू शकेल. ज्यांना तसंही विकायचंच आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

राहिला टीडीएस. ५० लाख किंवा जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेवर घेणाऱ्यानं कलम १९४-आयए खाली एक टक्का कापायचा असतो, पण त्यातून शेतजमीन वगळली आहे आणि कोणती शेतजमीन, हे त्याच कलम २(१४) च्या पट्ट्यांवरून ठरतं. तेव्हा तुमची जमीन ग्रामीण असेल तर कपात करायची नाही. मात्र घेणाऱ्याची भीती खोटी नाही, कारण कापायला हवा होता आणि कापला नाही तर व्याज-दंड त्याच्या गळ्यात पडतो. त्याला तोंडी समजावण्यापेक्षा अंतराचा दाखला, हद्दवाढ झाली नसल्याचं पत्र आणि २०११ च्या जनगणनेच्या तक्त्याची प्रत द्या. शक्य असेल तर खरेदीखतातच अंतर आणि लोकसंख्या लिहून घ्या. तरी तो अडून बसला तर ८० हजारांसाठी सौदा मोडू नका. ४०-४० हजार दोघांच्या पॅनवर जमा होतात का ते बघा आणि विवरणपत्र भरून परतावा मागा.

पैसे मात्र बँकेतूनच घ्या, इसारसुद्धा. ३० लाख किंवा जास्त किमतीच्या प्रत्येक खरेदीखताची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयातून आयकर खात्याकडे जाते आणि वडिलांच्या-काकांच्या वार्षिक माहिती पत्रकात दिसते. त्यामुळे कर नसला तरी दोघांनीही त्या वर्षाचं विवरणपत्र भरावं आणि ही रक्कम करपात्र नसलेली जमा म्हणून दाखवावी. दोन-तीन वर्षांनी नोटीस आलीच तर उत्तरात द्यायचं ते विक्रीच्या काळातल्या तारखेचं असावं. नंतर मागितलेल्या दाखल्यावर तेव्हाची हद्द लिहून मिळायला फार खेटे घालावे लागतात, म्हणून फाइल खरेदीखताच्या आधीच पूर्ण करा.